'फक्त मिरर मारून द्या': ठरलेल्याबाहेरचं काम आलं की रिवाइज्ड कोटेशन कसं पाठवायचं

व्हिडिओत हा विषय घाईघाईत झाला, कारण बोलताना आकडे आणि कोटेशनचा मजकूर दोन्ही दाखवता येत नाहीत. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. उदाहरण आपल्याच पट्ट्यातलं आहे: वेल्डिंग फिक्स्चरचं डिझाइन घरून करून देणारा फ्रीलान्सर आणि चाकणजवळ शीट मेटलचं काम करणारा वेंडर. तुम्ही वेबसाइट बनवत असाल, कॅटलॉग डिझाइन करत असाल किंवा मशीनचे फोटो काढत असाल, तरी वस्तूंची नावं बदलून हीच पद्धत चालेल. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचा दर तुम्ही लावा.

आधी काम काय ठरलं होतं ते बघा. एका ब्रॅकेट असेंब्लीसाठी एक वेल्डिंग फिक्स्चर, डाव्या बाजूच्या पार्टचं, म्हणजे एलएच. त्यात तीन टप्पे. थ्रीडी कन्सेप्ट, २५ तास, १०,००० रुपये. कन्सेप्ट मंजूर झाल्यावर प्रत्येक भागाचं टूडी ड्रॉइंग, ३५ तास, १४,००० रुपये. शेवटी मटेरियलची यादी आणि लेझर कटिंगच्या फाइल्स, १० तास, ४,००० रुपये. एकूण ७० तास, २८,००० रुपये, १४ कामाचे दिवस. कोटेशनमध्ये दोन ओळी आणखी होत्या: 'हे काम पार्ट ड्रॉइंगच्या रिव्हिजन बी वर आधारित आहे' आणि 'कन्सेप्ट मंजूर होईपर्यंत दोन वेळा बदल दरात धरले आहेत.'

या दोन ओळी लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

कन्सेप्ट मंजूर झाला, अर्धी ड्रॉइंग्जही झाली. मग एका आठवड्यात व्हॉट्सॲपवर पाच गोष्टी आल्या. एक, बेस प्लेटच्या ड्रॉइंगवर एका भोकाचं माप राहिलंय. दोन, लेझरवाल्याला कटिंगची फाइल उघडत नाहीये, जुन्या फॉरमॅटमध्ये द्या. तीन, गाडी बनवणाऱ्या कंपनीने पार्ट बदलला, आता रिव्हिजन सी आली, एक भोक ६ मिलिमीटर सरकलं आणि एक फ्लँज उंच झाली. चार, 'आरएच पण लागेल, फक्त मिरर मारून द्या.' पाच, 'याचं चेकिंग फिक्स्चर पण करून टाका ना, पार्ट तर तोच आहे.'

इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर सगळ्याला 'हो सर' म्हणतात आणि रात्री जागतात, नाहीतर वैतागून सगळ्याचेच पैसे मागतात. दोन्हीत नुकसान तुमचंच आहे. राहिलेल्या मापाचे पैसे मागितलेत तर पुढच्या खऱ्या मागणीलाही समोरचा हसणार.

म्हणून आधी वेगळं करा. राहिलेलं माप ही आपली चूक, ते आजच फुकट द्यायचं आणि वर बोलायचंही नाही. फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये देणं दहा मिनिटांचं आहे आणि ती फाइल देणं कबूलच केलं होतं, तेही द्या. उरलेल्या तिघांना तीन प्रश्न विचारा. ज्याच्यावर काम आधारलं होतं ती गोष्ट बदलली का? द्यायच्या वस्तूंची संख्या वाढली का? मंजूर होऊन गेलेल्या टप्प्यावर परत जावं लागतंय का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ते काम ठरलेल्याबाहेरचं. रिव्हिजन सी मध्ये पहिला आणि तिसरा प्रश्न लागतो, आरएच मध्ये दुसरा. चेकिंग फिक्स्चर तर पूर्ण वेगळं उत्पादन आहे. वेल्डिंग फिक्स्चर पार्ट पकडून ठेवतं, चेकिंग फिक्स्चर तो बरोबर झालाय का ते मोजतं. त्यातले टॉलरन्स, पिना, सगळा विचारच वेगळा. त्याला रिवाइज्ड कोटेशन नको, नवीन कोटेशन हवं.

'पण सर, तास किती लागले याचा हिशोबच नसतो,' असं मला वर्गात हमखास ऐकायला मिळतं. मग आजपासून वहीत लिहा. टप्पा, तारीख, तास, बस. ही वही क्लायंटला दाखवायची नाही. ती तुमच्यासाठी आहे. टप्प्याचे ३५ तास धरले होते, ३० संपले आणि ड्रॉइंग्ज निम्मीच झालीत, तर एक तर तुमचा अंदाज चुकला किंवा बाहेरचं काम आत शिरलंय. कोणतं ते वहीतच दिसतं. अंदाज चुकला असेल तर ते पैसे क्लायंटकडे मागता येत नाहीत, हेही तितकंच खरं.

आता मिररचं बघू, कारण हा शब्द आपल्या भागात फार स्वस्तात वापरला जातो. स्क्रीनवर मिरर एका क्लिकमध्ये होतो, हे क्लायंटला माहीत असतं आणि ते खोटंही नाही. पण त्यापुढे काय? विकतचे भाग मिरर होत नाहीत. स्विंग क्लॅम्पचा सिलिंडर डावा वेगळा आणि उजवा वेगळा येतो. मिरर केलेलं मॉडेल तसंच ठेवलं तर यादीत असा भाग जातो जो बाजारात मिळतच नाही. ऑपरेटर तर त्याच बाजूला उभा राहणार, मग टॉर्च आत जातोय का आणि पार्ट बाहेर निघतोय का ते पुन्हा तपासायचं. एलएचचा पार्ट चुकून आरएचमध्ये बसू नये म्हणून पोका योकेची पिन वेगळी लावायची. ड्रॉइंग नंबर नवे, कोरायचं मार्किंग नवं. सगळं धरून थ्रीडीला ८ तास, ड्रॉइंगला १०, यादी आणि फाइल्सना ४. झाले २२ तास, म्हणजे ८,८०० रुपये.

हे क्लायंटला सांगताना वरचा अख्खा परिच्छेद ऐकवू नका. सिलिंडर आणि पोका योके, एवढे दोन मुद्दे पुरतात. वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला ते लगेच पटतात, कारण चुकीचा सिलिंडर आला तर लाइन त्याची थांबणार असते.

रिव्हिजन सी चा हिशोब असा. दोन लोकेटर आणि एक क्लॅम्प सरकवून थ्रीडी दुरुस्त करायला ५ तास, झालेली चार ड्रॉइंग्ज पुन्हा करायला ४, यादी आणि फाइल्स तपासायला २. एकूण ११ तास, ४,४०० रुपये. लक्षात घ्या, हाच बदल कन्सेप्टच्या मंजुरीआधी आला असता तर दोन फुकट बदलांपैकी एकात धरून सोडून देता आला असता. आता मंजुरी होऊन गेली आहे, आणि चार ड्रॉइंग्जचं काम वाया गेलंय. मंजुरी कधी झाली हे दाखवता आलं पाहिजे. 'कन्सेप्ट ओके, डिटेलिंग सुरू करा' असा क्लायंटचा एका ओळीचा मेसेज असेल तरी चालतो. फोनवरचा 'ठीक आहे' पुरत नाही.

सांगायचं कधी? मागणी आली त्याच दिवशी, काम सुरू करायच्या आधी. अर्ध काम करून मग पैशाचं बोललं की समोरच्याला वाटतं हा आता अडवतोय. आणि सांगायचं कोणाला, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आपल्या पट्ट्यात मागणी करतो डेव्हलपमेंटचा किंवा शॉपफ्लोअरचा इंजिनिअर, पीओ काढतं परचेस, आणि पैसे सोडतं अकाउंट्स. छोट्या युनिटमध्ये परचेस आणि अकाउंट्स म्हणजे मालकच असतात, पण इंजिनिअर तरी वेगळा असतोच. इंजिनिअरला खर्च मंजूर करायचा अधिकार बहुतेक वेळा नसतो. तो मुद्दाम फसवत नसतो, त्याला फक्त त्याचं ट्रायल वेळेत हवं असतं. त्याच्या शब्दावर आरएच करून दिलं आणि बिल ३६,८०० चं लावलं, तर अकाउंट्स म्हणणार पीओ २८,००० चा आहे. मग फक्त वरचे ८,८०० अडकत नाहीत, अख्खं बिल अडकतं. वाढीव कामात नव्या लोकांचं नुकसान मला सगळ्यात जास्त याच जागी होताना दिसतं.

म्हणून आधी इंजिनिअरला फोन. त्याला डावलून थेट मालकाकडे गेलात तर पुढच्या कामाला तोच नडेल. फोनवर एवढंच:

'सर, रिव्हिजन सी आणि आरएच दोन्ही करून देतो. आपला पीओ रिव्हिजन बी आणि फक्त एलएचचा आहे, त्यामुळे हे त्यात बसत नाही. संध्याकाळपर्यंत रिवाइज्ड कोटेशन टाकतो, परचेसला पण सीसी ठेवतो. अमेंडमेंट आली की उद्या सकाळी सुरू करतो. तुमचं ट्रायल कधी आहे? त्याप्रमाणे क्रम लावतो.'

या बोलण्यात 'नाही' कुठे नाही, 'पैसे वाढतील' असा सूरही नाही. पण पीओ कशाचा आहे हे स्पष्ट सांगितलंय. शेवटचा प्रश्नही नुसता गोड बोलण्यासाठी नाही. ट्रायल एलएचचं आधी असेल तर आरएच मागे ठेवता येतं आणि क्लायंटची घाईही सुटते.

'अमेंडमेंट' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. चाकणच्या वेंडरला तो रोजचा आहे. मोठ्या कंपनीने पार्टमध्ये बदल केला की चेंज नोट येते आणि वेंडर स्वतः टूलिंगचा वाढीव खर्च कंपनीकडे मागतो. म्हणजे रिव्हिजन सी मुळे जो खर्च होतोय तो कदाचित त्यालाही वरून मिळणार आहे, फक्त त्यासाठी त्याला कागद लागतो. तुमचं रिवाइज्ड कोटेशन हा तो कागद होऊ शकतो. म्हणून रिव्हिजन सी ची ओळ आरएचच्या ओळीत मिसळू नका, वेगळी ठेवा. पुढे त्याला ती तशीच वापरता येते आणि तुमच्याशी घासाघीस कमी होते.

आता कोटेशनचा मजकूर. नवीन नंबर देऊ नका. जुनाच नंबर, पुढे 'रिव्हिजन १' आणि आजची तारीख. आपले लोक ड्रॉइंगच्या रिव्हिजन वाचतात, त्यांना हे बरोबर कळतं. मधला भाग असा लिहा:

'संदर्भ: आमचं मूळ कोटेशन आणि आपला पीओ (दोन्हींचे क्रमांक व तारीख). मूळ काम, एलएच, पार्ट रिव्हिजन बी: २८,००० रुपये, बदल नाही. वाढ अ: पार्ट रिव्हिजन सी प्रमाणे एलएच डिझाइनमध्ये बदल, मंजूर कन्सेप्ट व झालेली चार ड्रॉइंग्ज दुरुस्त करून: ४,४०० रुपये, अधिक २ दिवस. वाढ ब: आरएच फिक्स्चरचं डिझाइन, ड्रॉइंग्ज, यादी व कटिंग फाइल्ससह: ८,८०० रुपये, अधिक ४ दिवस. सुधारित एकूण: ४१,२०० रुपये, २० कामाचे दिवस. चेकिंग फिक्स्चर यात नाही, त्याचं कोटेशन वेगळं पाठवत आहे. वाढ अ आणि ब स्वतंत्रपणे मंजूर करता येतील. हे दर ७ दिवसांसाठी. लेखी मंजुरी मिळाल्यावर वाढीव काम सुरू होईल.'

मूळ ओळ आहे तशी ठेवायची. तिथे हात लावलात, हजार-पाचशे वाढवलेत, की परचेसवाला अख्खं कोटेशन पुन्हा उघडून बसतो आणि २८,००० वरही चर्चा सुरू होते. दिवस वाढलेत तर तेही लिहा. पैसे लिहून दिवस लिहायचे राहिले, तर तुम्ही २० दिवसांचं काम १४ दिवसांत कबूल केलंय असा त्याचा अर्थ निघतो, आणि उशिराचं खापर तुमच्यावर. जीएसटी नोंदणी असेल तर 'जीएसटी वेगळा' ही ओळही आठवणीने टाका. सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही.

आता फोन येणार: 'अहो, एवढं ॲडजस्ट करा. पुढे भरपूर काम आहे.' इथे दर कमी करू नका, काम कमी करा. आरएचमध्ये बरेच भाग एलएचसारखेच असतात, समजा फक्त सात भाग वेगळे आहेत. मग म्हणा, 'सर, सारख्या भागांना एलएचचीच ड्रॉइंग्ज वापरू, वेगळ्या सात भागांचीच नवीन देतो.' थ्रीडीचे ८ तास तेवढेच राहतात, ड्रॉइंगचे ५ होतात, यादी आणि फाइल्सचे २. एकूण १५ तास, ६,००० रुपये, ३ दिवस. सुधारित एकूण ३८,४०० आणि १९ दिवस. क्लायंटचे २,८०० वाचले आणि तुमचा तासाचा ४०० चा दर जागेवर राहिला. एकदा दर ३०० वर आला की पुढचा पीओ तिथूनच सुरू होतो. तोटा मात्र सांगून ठेवा: दोन्ही फिक्स्चर वेगवेगळ्या ठिकाणी बनवायची असतील तर आरएच बनवणाऱ्याला दोन्ही ड्रॉइंग सेट द्यावे लागतील.

आणि खरंच नातं सांभाळायला काही सोडायचं असेल तर सोडा, पण कागदावर दाखवून. 'वाढ अ: ४,४०० रुपये, सवलत १,४००, देय ३,०००.' नुसतं ३,००० लिहिलं तर पुढच्या वेळी तीच त्या कामाची किंमत ठरते.

कोटेशन गेलं आणि उत्तरच आलं नाही तर? मूळ काम अडवून बसू नका, ते तुमच्यावर बंधनकारक आहे. पण रिव्हिजन सी च्या बाबतीत एक पेच आहे. जुन्या रिव्हिजनवर ड्रॉइंग्ज करत राहिलात तर कचरा तयार होतो, नवीनवर केलीत तर मंजुरी नाही. तेव्हा मेल टाका: 'रिव्हिजन सी मुळे बदलणारी चार ड्रॉइंग्ज थांबवली आहेत. बाकीची चालू आहेत, ती शुक्रवारपर्यंत देतो. थांबलेल्या कामाचे दिवस मंजुरी आल्यापासून मोजले जातील.' गुरुवारी एमआयडीसीत सुट्टी असते, म्हणून मी असे मेल बुधवारी दुपारच्या आत टाकायला सांगतो, म्हणजे परचेसकडे निदान तेवढी दुपार तरी उरते.

काही जणांचं मूळ काम फोनवरच ठरलेलं असतं, कोटेशनच नाही. मग थेट रिवाइज्ड पाठवून उपयोग नाही. आधी एक मेसेज: 'सर, आपलं असं ठरलं होतं: एलएच फिक्स्चर, रिव्हिजन बी, २८,०००. बरोबर ना?' त्यावर 'हो' आलं की तेच तुमचं मूळ कोटेशन. मग वाढ.

आणि काम करून बसलाय, मंजुरी नाही, असं झालं असेल तर? भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम ७० चा आधार आहे. फुकट द्यायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा समोरच्याने फायदा घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा, असं ते सांगतं. पण दहा हजारांसाठी कोर्टात कोण जाणार? कलमापेक्षा तुमची उद्यम नोंदणी जास्त कामाची. ती फुकट होते, पण काम घेण्याआधी झालेली हवी. एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यामुळे उद्यम क्रमांक कोटेशनवर आणि बिलावर छापा. पण ज्या रकमेला मंजुरीच नाही तिच्यावर आधी 'हे काम सांगितलंच नव्हतं' हा वाद होणार, आणि तिथे तुमच्याकडे त्या एका मेलशिवाय दुसरं काही नसतं.

शेवटी बिल. दोन बिलं करा. मूळ पीओचं २८,००० चं वेगळं, अमेंडमेंटचं वेगळं, त्यावर अमेंडमेंटचा क्रमांक. त्याहून बरं म्हणजे कन्सेप्टचा टप्पा मंजूर झाला त्याच दिवशी १०,००० चं बिल लावायचं, पीओमध्ये टप्प्याने पैसे अशी अट असेल तर. वाढीव कामाची चर्चा सुरू व्हायच्या आधी गेलेलं बिल त्या चर्चेत अडकत नाही. आरएचवर घासाघीस चालू असेल तेव्हा तुमच्या खात्यात निदान कन्सेप्टचे पैसे तरी आलेले असतात.